झाड नको, ब्लॉक पुरे

मुंबईहून मडगावला जाणाऱ्या गाडीत एका कुटुंबाला ठाण्याला चढायचं आहे आणि कुडाळला उतरायचं आहे. त्यांना तिकिटं द्यायची की नाही, हे ठरवताना एकच गोष्ट पाहावी लागते. ठाणे ते पनवेल, पनवेल ते माणगाव असं करत करत कणकवली ते कुडाळपर्यंत, प्रत्येक टप्प्यात पुरेशा जागा रिकाम्या आहेत ना? बाकी सगळ्या टप्प्यांत पन्नास-पन्नास जागा असल्या आणि चिपळूण ते रत्नागिरी एवढ्याच टप्प्यात गाडी भरलेली असली, तरी तिकीट नाही. सबंध प्रवासाचं उत्तर त्यातल्या सर्वांत तंग टप्प्यावर ठरतं. तिकीट दिलं, की त्या सगळ्या टप्प्यांतला रिकाम्या जागांचा आकडा तितक्यानं कमी करायचा. रद्द केलं, की तितक्यानं वाढवायचा.

खऱ्या रेल्वेच्या आरक्षणात कोटे असतात, आरएसी असतं, वेटिंग असतं. ते सगळं इथे बाजूला ठेवू. उरतं ते प्रोग्रामिंगच्या जगातलं एक जुनं, नेहमी भेटणारं कोडं: आकड्यांची एक लांबलचक रांग आहे. कुणी म्हणतं, इथपासून तिथपर्यंतच्या सगळ्या आकड्यांत अमुक मिळवा. कुणी विचारतं, इथपासून तिथपर्यंत सर्वांत लहान आकडा कोणता. हे दोन प्रकार कशाही क्रमाने येत राहतात आणि दोन्हींना पटकन उत्तर द्यायचं असतं. वजा करणं म्हणजे उणे आकडा मिळवणंच, त्यामुळे त्याचा वेगळा विचार नको.

कोणत्याही कोचिंग क्लासमध्ये यावर तयार उत्तर मिळतं: सेगमेंट ट्री बांधा. उत्तर बरोबर आहे. पण या झाडाला पल्ल्यावरची बेरीज झेपवायची, तर त्यात लेझी प्रॉपगेशन घालावं लागतं. वरच्या फांदीवर ठेवलेली बेरीज खाली उतरताना आधी दोन्ही पोरांकडे ढकलायची, परत वर येताना किमान पुन्हा काढायचा, हे सगळं रिकर्शनमध्ये आणि ठरलेल्या क्रमाने. रोज लिहिणाऱ्याला ते चाळीसेक ओळींत जमतं. वर्षातून एकदा लिहिणाऱ्याचा दिवस जातो, आणि सहा महिन्यांनी तोच कोड दुसऱ्या कुणाला दुरुस्त करायचा असेल तर त्याचाही जातो. माझ्या मते अशा बऱ्याच ठिकाणी झाडाची गरज नसते. रांगेचे सारख्या लांबीचे तुकडे पाडले, तुकड्यांची संख्या आणि तुकड्याची लांबी दोन्ही रांगेच्या वर्गमूळाच्या आसपास ठेवली, की काम होतं. याला स्क्वेअर रूट डीकंपोझिशन म्हणतात. नावाला घाबरू नका, आत शाळेतलंच गणित आहे.

आपली गाडी या स्थानकांवर थांबते असं समजू: मुंबई, ठाणे, पनवेल, माणगाव, खेड, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, थिवी, मडगाव. स्थानकं १३, म्हणून टप्पे १२. संगणकवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना ० ते ११ असे क्रमांक देऊ. टप्पा ० म्हणजे मुंबई ते ठाणे, टप्पा ११ म्हणजे थिवी ते मडगाव. आता चार-चार टप्प्यांचा एक ब्लॉक करू आणि रिकाम्या जागा मांडू.

```
ब्लॉक 0 (टप्पे 0-3)   :  9   7   5   4    किमान 4   थकबाकी 0
ब्लॉक 1 (टप्पे 4-7)   :  6   3   8   8    किमान 3   थकबाकी 0
ब्लॉक 2 (टप्पे 8-11)  : 10  12   7  11    किमान 7   थकबाकी 0
```

प्रत्येक ब्लॉकपाशी दोन जादा आकडे ठेवले आहेत. एक, आतल्या आकड्यांतला किमान. दुसरा, ज्याला मी थकबाकी म्हणतो तो: ब्लॉकमधल्या सगळ्यांना लागू आहे, पण कुणाच्याच खात्यात अजून मांडलेला नाही असा आकडा.

ठाणे ते कुडाळ तीन जागा हव्या आहेत. म्हणजे टप्पे १ ते ८. आधी प्रश्न: या पल्ल्यातला किमान किती? ब्लॉक ० मधले आपल्या कामाचे टप्पे १, २, ३ हे एकेक करून पाहिले: ७, ५, ४. ब्लॉक १ आपल्या पल्ल्यात पूर्णच बसतो, तेव्हा त्याच्या आत डोकावायचं कारण नाही. त्याचा किमान ३ लिहून ठेवलेलाच आहे. ब्लॉक २ मधला फक्त टप्पा ८ लागतो: १०. सगळ्यांत लहान ३. तीन जागा मिळतात, जेमतेम.

आता नोंद करायची. ब्लॉक ० चा तुकडाच आपल्या पल्ल्यात आहे, म्हणून टप्पे १, २, ३ मधून प्रत्यक्ष तीन-तीन वजा केले आणि त्या ब्लॉकचा किमान नव्याने काढला. ब्लॉक २ मधल्या टप्पा ८ चं तसंच. ब्लॉक १ पूर्ण आत असल्याने त्यातल्या एकाही आकड्याला हात न लावता थकबाकीत उणे ३ लिहिलं, बस्स.

```
ब्लॉक 0 :  9   4   2   1    किमान 1   थकबाकी  0
ब्लॉक 1 :  6   3   8   8    किमान 3   थकबाकी -3
ब्लॉक 2 :  7  12   7  11    किमान 7   थकबाकी  0
```

ब्लॉक १ मध्ये खरोखर सर्वांत कमी जागा किती? लिहिलेला किमान ३, त्यात थकबाकी उणे ३, म्हणजे शून्य. टप्पा ५, चिपळूण ते रत्नागिरी, भरला.

सगळ्या युक्तीचा जीव या एका गोष्टीत आहे. एखाद्या गटातल्या प्रत्येक आकड्यात सारखीच भर घातली, की त्यांच्यातला लहान-मोठेपणाचा क्रम बदलत नाही, म्हणून किमानही नेमका तेवढ्यानंच सरकतो. आत कोण किती आहे हे न पाहता नवा किमान सांगता येतो. बेरीज हवी असती, तर भर गुणिले ब्लॉकची लांबी असा हिशेब करावा लागला असता. किमानाला तेही लागत नाही. उलट आज्ञा 'सगळ्यांना उणे दोनने गुणा' अशी असती, तर सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान झाला असता आणि जपून ठेवलेला किमान निरुपयोगी ठरला असता. तेव्हा कमालही सोबत बाळगावा लागतो.

बारा टप्प्यांच्या गाडीसाठी हे सगळं कुणी करू नये, हेही सांगायला हवं. तिथे साधं एक लूप पुरतं, आणि ते कुठल्याही हुशारीपेक्षा वेगाने चालतं. ब्लॉकची गरज पडते ती रांग लाखांच्या घरात गेल्यावर.

तसं एक उदाहरण घेऊ. शहरातलं एक पार्किंग, त्यात ४० गाड्यांची जागा, आणि बुकिंग मिनिटाच्या हिशेबाने वर्षभरासाठी खुलं. वर्षात ३६५ गुणिले १४४० म्हणजे ५,२५,६०० मिनिटं. प्रत्येक मिनिटाला किती जागा रिकाम्या, अशी ही रांग. याचं वर्गमूळ काढायला गेलं तर गंमत दिसते: ७२५ चा वर्ग ५,२५,६२५. म्हणजे ७२५ मिनिटांचे ७२५ ब्लॉक, आणि शेवटचा ब्लॉक तेवढा २५ ने तोकडा.

कुणी महिन्याचा पास काढला. तीस दिवस म्हणजे ४३,२०० मिनिटं. साध्या लूपला तेवढ्याच आकड्यांना हात लावावा लागेल. ब्लॉकच्या पद्धतीत मधले सुमारे साठ ब्लॉक एकेका बेरजेत उरकतात, आणि दोन टोकांना अर्धवट राहिलेल्या ब्लॉकांत मिळून दीडेक हजार आकडे पाहावे लागतात. पल्ला वाढून सबंध वर्षाचा झाला, तरी काम फार वाढत नाही: ७२५ च्या आतबाहेर ब्लॉक आणि दोन टोकं, मिळून २,१७५ च्या आसपास. सव्वापाच लाखांऐवजी सव्वादोन हजारांच्या आत.

पण तीन तासांसाठी गाडी लावणाऱ्याचं काय? त्याची १८० मिनिटं. साधं लूप १८० पावलांत मोकळं होतं. आपली पद्धत मात्र १८० आकडे बदलून झाल्यावर त्या ब्लॉकचा किमान नव्याने काढायला ७२५ आकडे चाळते. म्हणजे इथे आपण हरतो. जिथे सगळी बुकिंगं अशीच आखूड असतात, तिथे ब्लॉकच्या फंदात पडण्यात अर्थ नाही. लांब आणि आखूड दोन्ही येत असतील, तर ही किंमत परवडते, कारण सर्वांत वाईट दिवशीही काम सव्वादोन हजारांच्या पुढे फारसं जात नाही.

वर्गमूळच का, याचं उत्तर आता सहज सापडेल. ब्लॉक मोठे केले तर त्यांची संख्या घटते, पण टोकांचं काम वाढतं. लहान केले तर टोकं स्वस्त होतात, पण मधल्या ब्लॉकांची रांगच लांबते. लांबी B धरली, तर काम साधारण `2B + n/B`. दोन टोकं आहेत म्हणून दोन. काटेकोरपणे पाहिलं तर याचं सर्वांत लहान मूल्य `B = √(n/2)` ला येतं, वर्गमूळाला नव्हे. पण त्या बिंदूच्या आजूबाजूला वक्र इतका सपाट आहे, की थोडं इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. अनेक जण ५१२ किंवा १०२४ असा दोनाचा घात घेतात, म्हणजे भागाकाराऐवजी बिट सरकवून ब्लॉकचा क्रमांक मिळतो.

पार्किंगसाठी मला विचाराल, तर मी यातलं काहीच घेणार नाही. मी ब्लॉक १४४० चा करीन, म्हणजे पुरा एक दिवस. मग ब्लॉक नेमके ३६५ होतात. सर्वांत वाईट काम ३,२४५ पावलांवर जातं, म्हणजे ७२५ च्या हिशेबाच्या दीडपट. त्या बदल्यात ब्लॉकचा क्रमांक म्हणजे वर्षातला दिवस होतो. मध्यरात्री सुरू होणारा पास पूर्ण ब्लॉकांतच मावतो. आणि कुणी तक्रार केली, की १५ ऑगस्टला जागा असून बुकिंग झालं नाही, तर त्या दिवसाचा किमान आणि थकबाकी हे दोन आकडे छापून पाहिले की निम्मा तपास होतो. झाडाच्या एका फांदीत मात्र काही दिवस पूर्ण आणि काही अर्धे असं काहीही असू शकतं, ते माणसाला वाचता येत नाही.

आता कोड. बेरीज करणारा भाग एवढाच आहे:

```cpp
void rebuild(int b) {
    int s = b * B, e = min(n, s + B);
    mn[b] = *min_element(a + s, a + e);
}

void add(int l, int r, int x) {
    int bl = l / B, br = r / B;
    if (bl == br) {
        for (int i = l; i <= r; i++) a[i] += x;
        rebuild(bl);
        return;
    }
    for (int i = l; i < (bl + 1) * B; i++) a[i] += x;
    for (int b = bl + 1; b < br; b++) lz[b] += x;
    for (int i = br * B; i <= r; i++) a[i] += x;
    rebuild(bl);
    rebuild(br);
}
```

किमान विचारणाऱ्या फंक्शनचा सांगाडा हुबेहूब हाच. टोकांना `a[i] + lz[b]` पाहायचं, मधे `mn[b] + lz[b]`, आणि सगळ्यांत लहान ते परत द्यायचं. रिकर्शन नाही, ढकलाढकल नाही. टोकाचा ब्लॉक योगायोगाने पूर्ण व्यापला गेला तरी कोड त्याला अर्धवटच समजतो. उत्तर बरोबरच येतं, थोडं काम जास्त होतं एवढंच.

एवढ्याशा कोडमध्येही चुकायला जागा आहे, आणि चुका ठरावीक आहेत. आपल्या गाडीवरच त्या दाखवतो.

पहिली, टोकाचे आकडे वाचताना थकबाकी विसरणं. वरच्या नोंदीनंतर कुणी पनवेल ते राजापूर एक जागा मागितली, म्हणजे टप्पे २ ते ६. ब्लॉक ० मधून २ आणि १ मिळाले. ब्लॉक १ मधले टप्पे ४, ५, ६ वाचले तर ६, ३, ८ दिसतात. थकबाकी न धरता किमान निघतो १, आणि यंत्रणा तिकीट देऊन मोकळी होते. खरे आकडे ३, ०, ५ आहेत. चिपळूणला एका बर्थवर दोन प्रवासी समोरासमोर उभे राहणार, ते या एका विसरण्यामुळे.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. टोकाचा ब्लॉक बदलल्यावर सगळा ब्लॉक पुन्हा चाळायचा कंटाळा येतो. मनात येतं, नुसता बदललेला आकडा जुन्या किमानाशी ताडून लहान तो ठेवला तर? जोवर बुकिंगंच होत आहेत, तोवर आकडे घटतच जातात आणि ही पळवाट बरोबर चालते. पहिलं तिकीट रद्द झालं की ती फसते. समजा खेड ते रत्नागिरीचं एक तिकीट रद्द झालं. टप्पे ४ आणि ५ मध्ये एकेक वाढला: ब्लॉक १ मध्ये आता ७, ४, ८, ८. नवा किमान ४ व्हायला हवा, थकबाकी धरून खरा १. पण जुना ३ आणि नवा ४ यांतला लहान ३, म्हणून किमान तिथेच अडकतो, आणि खरी जागा रिकामी असताना यंत्रणा 'शून्य' म्हणत राहते. हिची खूण अशी, की आधी सगळं ठीक असतं आणि रद्द तिकिटं वाढतील तसतशी गाडी उगाचच 'भरलेली' दिसू लागते.

तिसरी, थकबाकी दोनदा मोजणं. `mn` मध्ये थकबाकी धरून किमान ठेवायचा की न धरता, हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. वरच्या कोडमध्ये न धरता ठेवला आहे. कुणी `rebuild` लिहिताना थकबाकी मिळवून १ साठवला आणि वाचताना पुन्हा मिळवली, तर उत्तर येतं उणे २. रिकाम्या जागा उणे दिसल्या, की सरळ इथे येऊन पाहावं.

चौथी, सुरुवात आणि शेवट एकाच ब्लॉकमध्ये असण्याचा फाटा गाळणं. खेड ते रत्नागिरी हे टप्पे ४ आणि ५, दोन्ही ब्लॉक १ मध्येच. तो `if` नसेल तर पहिलं लूप ४, ५, ६, ७ ला हात लावतं आणि शेवटचं लूप ४, ५ ला पुन्हा. मागितलेल्या टप्प्यांत दुप्पट बदल, न मागितलेल्यांत एकपट. लांबचे प्रवास बरोबर आणि जवळचे चूक, असं चित्र दिसलं तर कारण हेच.

या सगळ्या चुका पकडण्याचा उपाय सोपा आहे. साध्या लूपवालं दुसरं रूप लिहायचं, बुकिंग आणि रद्द दोन्ही मिसळून हजारो यादृच्छिक आज्ञा दोघांना द्यायच्या आणि उत्तरं ताडायची. पण त्यात एक खोच आहे, आणि बरेच जण तिथेच फसतात. चाचणीसाठी दहा आकड्यांची रांग घेतली आणि `B` मात्र ५१२ च ठेवला, तर सगळी रांग एकाच ब्लॉकमध्ये बसते. प्रत्येक आज्ञा पहिल्या फाट्यातून बाहेर पडते, थकबाकीला कधी हातच लागत नाही. चाचण्या सगळ्या पास, आणि तपासलं काहीच नाही. चाचणीपुरता `B` तीनवर आणावा आणि रांगेची लांबी तीनने भाग न जाणारी घ्यावी, म्हणजे शेवटचा तोकडा ब्लॉकही तपासला जातो.

वेगाचं बोलायचं, तर कागदावर झाड सरस आहे यात वाद नाही. सव्वापाच लाखांच्या रांगेसाठी झाडाची खोली वीसच्या आसपास, आणि एका प्रश्नाला फार तर ऐंशीएक गाठींना भेट द्यावी लागते. आपण दोन हजारांवर आकडे पाहतो. प्रत्यक्षात हे अंतर बरंच आक्रसतं, कारण ऐंशी गाठी आणि दोन हजार आकडे यांची जात वेगळी आहे. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही, बहुतेक यंत्रांवर ६४ बाइटची एक ओळ एकदम आणतो. चार बाइटचा एक आकडा धरला तर सोळा आकडे एका फेरीत हाताशी येतात. ब्लॉक सलग वाचला जातो, त्यामुळे पुढची ओळ लागणार हे यंत्राला आधीच कळतं. शिवाय किमान काढणारं सरळ लूप कंपायलर स्वतःहून असं बदलू शकतो, की एका सूचनेत आठ आकडे ताडले जातात. झाडात मात्र दर गाठीगणिक मेमरीत उडी मारावी लागते आणि दर गाठीवर 'इकडे की तिकडे' हा निर्णय असतो.

मेमरीचा हिशेबही सांगून टाकतो. ब्लॉकसाठी मूळ रांगेखेरीज ७२५ किमान आणि ७२५ थकबाक्या, म्हणजे सहा केबीहून कमी. झाडाला सर्रास रांगेच्या चौपट जागा राखून ठेवतात, किमानासाठी एकदा आणि लेझीसाठी एकदा. चार बाइटच्या आकड्यांत ते जवळपास १७ एमबी भरतं. आजच्या संगणकावर १७ एमबी काहीच नाही. पण प्रोसेसरच्या अगदी जवळची कॅश तीसेक केबीची असते, तिच्यात ७२५ आकड्यांचा ब्लॉक सहज मावतो आणि झाड मावत नाही.

तरी मर्यादा आहे, आणि ती आकड्यांत सांगता येते. एक लाख आज्ञा गुणिले २,१७५ म्हणजे २१ कोटी ७५ लाख साधी पावलं. स्पर्धांमध्ये सेकंदाला दहा कोटी पावलं असा ढोबळ अंदाज धरतात, म्हणजे दोनेक सेकंद. सलग वाचनामुळे सी प्लस प्लसमध्ये याहून कमीच लागतात. दहा लाख आज्ञा असतील तर आकडा दोनशे कोटींच्या पुढे जातो. तिथे हट्ट करू नये, झाडच बांधावं. पायथॉनमध्ये हेच लूप हाताने फिरवलं तर फारच रेंगाळतं, पण `min(a[l:r])` लिहिलं तर आतलं काम सी मध्ये होतं. ब्लॉक हा मुळात सलग तुकडाच असल्याने ही सोय आयती मिळते.

आणि काही प्रश्न असे आहेत, की जिथे ब्लॉक झाडाला मागे टाकतात. तिकीट नाकारताना 'कुठे अडलं' हे प्रवाशाला सांगायचं असेल, तर ज्या ब्लॉकचा किमान अधिक थकबाकी मागणीपेक्षा कमी आहे असा पहिला ब्लॉक शोधायचा आणि फक्त त्याच्या आत पाहायचं. दोन लूपांचं काम. 'पाचपेक्षा कमी जागा असलेले टप्पे किती' असं विचारलं, तर किमान कामाचा नाही. तेव्हा प्रत्येक ब्लॉकची एक चढत्या क्रमाने लावलेली प्रत ठेवायची. थकबाकी उणे ३ असेल, तर त्या प्रतीत पाचऐवजी आठपेक्षा लहान किती ते बायनरी सर्चने मोजायचं. थकबाकीने क्रम बिघडत नाही, म्हणून पूर्ण ब्लॉकची प्रत तशीच राहते, फक्त टोकांच्या दोन ब्लॉकांची पुन्हा लावावी लागते. पल्ल्यावर बेरीज होत असताना सेगमेंट ट्रीला हा प्रश्न सरळ जमत नाही, कारण दोन पोरांच्या एकेका आकड्यावरून आईचं उत्तर बनत नाही.

आरक्षणाच्या या उदाहरणात एक गोष्ट मात्र ब्लॉकही सांगत नाहीत आणि झाडही नाही. किमान १ आला याचा अर्थ प्रत्येक टप्प्यात एक तरी बर्थ मोकळा आहे. तो सगळीकडे एकच बर्थ असेल असं नाही. चिपळूणपर्यंत १२ नंबर मोकळा आणि पुढे ३१ नंबर, असं असलं तरी किमान १ च येतो. बर्थचा क्रमांक तिकिटासोबतच द्यायचा असेल, तर प्रवाशाला चिपळूणला सामान उचलून दुसरीकडे जावं लागेल, किंवा प्रत्येक बर्थचा वेगळा हिशेब ठेवावा लागेल. क्रमांक शेवटी चार्ट लावताना एकदम वाटायचे असतील, तर अडचण राहत नाही. कोणत्याही टप्प्यात प्रवासी बर्थच्या संख्येपेक्षा जास्त नसतील, तर चढण्याच्या क्रमाने एकेकाला घेऊन त्या वेळी मोकळा असलेला बर्थ देत गेलं की प्रत्येकाला सबंध प्रवासासाठी एकच बर्थ हमखास मिळतो. त्यासाठी किमान शून्याखाली जाऊ दिला नाही, एवढं पुरतं.